बारा पुरचुंड्या

कर्जतच्या दहिवलीत जुलैच्या दुपारी दोनच आवाज असतात, पत्र्यावरचा पाऊस आणि ह्यांचं घोरणं. पाऊस जरा उघडला की मी नातीला घेऊन ह्यांच्या कॉटशेजारी चटईवर बसायचे आणि पिशवीतून एकेक वस्तू काढायचे. हे जागे झाले की ती वस्तू बाद. पंधरा दिवस हा प्रयोग चालला होता. हे कुरकुरायचे, "विमानात जाणार तुम्ही, झोपमोड माझी कशाला?" पण विमानात दोनशे-अडीचशे माणसं हाताच्या अंतरावर झोपलेली असणार आणि त्यांतला एकही माझा नवरा नसणार. तेव्हा चाचणी घरीच झालेली बरी.

लेक दोन महिने माहेरी आली होती, लंडनहून. येताना जावई बरोबर होते, परतताना मी सोबत जायचं ठरलं. येताना छोटीची दोन वर्षं पूर्ण व्हायची होती, त्यामुळे ती मांडीवर बसून आली. दुसरा वाढदिवस दहिवलीत झाला आणि विमान कंपनीच्या लेखी बाईसाहेब प्रवासी झाल्या. दोन वर्षं पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावीच लागते. सीट मिळाली म्हणून मूल तिच्यात बसतं असं थोडंच आहे? मुंबई ते लंडन दहा तासांच्या आसपास. आमच्या अंगणात ती दहा मिनिटं एका जागी बसत नव्हती.

मी सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला गप्प बसवता येत नाही, फक्त गुंतवता येतं, एवढं कळतं. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं रोज निघायची. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं वाड्यावस्त्यांवर परवडणार नाहीत, म्हणून तिथे बिया, पानं, शिंपले, काड्या हीच साधनं झाली. दुकानात जाऊन दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी आणायची नाहीत, हे मी त्याच जोरावर ठरवलं. लेकीने मोबाइलमधल्या कार्टूनचा विषय काढला, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. तो शेवटचा उपाय, शेवटच्या तासासाठी, असं बजावलं. बालरोगतज्ज्ञही या वयाला दिवसाला फार तर एक तास म्हणतात. पहिल्याच तासाला तो खर्च केला तर पुढचे नऊ तास हातात काय राहणार?

पिशवीत बारा पुरचुंड्या होत्या. जुन्या लुगड्याचे चौकोन फाडून त्यांत एकेक वस्तू बांधलेली. गाठ मुद्दाम सैल, पण तिच्या बोटांना दोन मिनिटं लागतील इतपत. गाठ सोडणं हाच पहिला खेळ, आणि कापडाचा आवाज होत नाही. चकचकीत कागदात गुंडाळतात लोक, पण तो कागद रात्री किती वाजतो ते ह्यांना विचारा.

प्रत्येक वस्तू आधी एका डबीतून पास व्हावी लागे. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी अजून कपाटात आहे. तिचं तोंड साधारण सव्वातीन सेंटिमीटरचं. जी वस्तू तिच्यात मावते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकते. खेळण्यांच्या कारखान्यांतही जवळजवळ याच मापाची नळी तपासणीला वापरतात. बालवाडीत चिंचोके आम्ही सर्रास देत असू, पण ती मुलं मोठी होती आणि मी समोर उभी असे. आकाशात घशात चिंचोका अडकला तर कुणाच्या दारात जायचं? चिंचोके, बटणं, शेंगदाणे, फुटाणे सगळे डबीत गेले आणि घरीच राहिले. मग बाराही पुरचुंड्या शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवल्या. नऊशे ग्रॅम भरल्या. वाणी म्हणाला, "काकू, एवढ्यात पोरगी लंडनला पोचणार?"

रंगीत तालीम घाटात केली. आम्हा कर्जतकरांना विमानाची चव घ्यायची तर घाट पुरतो. १८६३ साली बोरघाटातून गाडी चढली, आणि आजही बहुतेक गाड्या कर्जतला मागून इंजिन लावल्याशिवाय वर जात नाहीत. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. पुण्याला बहिणीकडे जायचं निमित्त काढून आम्ही तिघी निघालो. उल्हास दुथडी भरून वाहत होती, पुलाखालचं पाणी गढूळ चहासारखं. फलाटावर दिवाडकरांचा वडा घेतला. छोटीने त्यातला पाव खाल्ला, वडा मला दिला.

घाटात धबधबे खिडकीला लागून होते आणि बोगद्यागणिक डब्यात अंधार व्हायचा. तिने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिक्कीवाला आला, चहावाला आला, समोरच्या बाईंनी विचारल्याशिवायच तिला उचलून मांडीवर घेतलं, त्यांच्या मुलाने तिला बांगडी दाखवली. आपल्याकडे गाडीत मूल एका घरचं नसतंच, अख्ख्या डब्याचं असतं. मला वाटलं होतं तालीम फुकट गेली. पण दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे गोल खडू. एक सुटला तो तीन बाकं पार करून दाराशी गेला आणि त्याच्यामागे ती. गोल वस्तू बाद. दुसरी, खंडाळ्याच्या जवळ तिने कानाला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. माझेही कान बसले होते. दोन घोट पाणी प्यायली आणि हसली. त्या आठवड्यात तिला सर्दी होती, म्हणून उतरल्यावर डॉक्टरांना कान दाखवून घेतले. त्यांना लेकीने विचारलं, झोपेचं सिरप देऊ का, कुणीतरी सुचवलंय. डॉक्टर नको म्हणाले. त्या औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उलटी चेकाळतात आणि मग विमानात तुम्हाला कोण वाचवणार, असंही म्हणाले.

निघायच्या दिवशी आवणी जोरात होती. चौकच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरलं कुणाच्याच नाही आता, प्लॅस्टिकचे कागद. इर्शाळगड ढगात होता. २०२३ च्या जुलैत त्याच्या अंगावरची वाडी दरडीखाली गेली, तेव्हापासून तिकडे पाहताना गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. छोटी मात्र "चिखल, चिखल" म्हणत होती. पनवेल आलं, डोंगर मागे गेले.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनलमध्ये मला एकच गोष्ट आवडली, मोकळी जागा. भिंतींवर देशभरच्या कलावस्तू मांडल्या आहेत, झरोके, मूर्ती, लाकडी तोरणं. लोक त्यांच्यासमोरून मोबाइल बघत जात होते. आम्ही तिला त्या भिंतीच्या कडेने तासभर पळवलं. लहान मुलं असलेल्यांना आधी विमानात सोडतात. लेक पुढे निघाली, तर मी तिला एकटीला पाठवलं. म्हटलं, तू सामान लाव, सीट आणि टेबल पुसून घे, आम्ही सगळ्यांत शेवटी येतो. आधी शिरलं की उभ्या विमानात पाऊण तास बसून काढायचा. हा पाऊण तास कुणी धरतच नाही, आणि मूल त्यातच फुटतं.

आत शिरल्यावर पहिली फजिती पाण्याच्या बाटलीने केली. विमान वर चढलं, ती पाणी मागू लागली, मी नळीचं झाकण उघडलं आणि कारंजं थेट माझ्या चष्म्यावर. पस्तीस हजार फुटांवर उडतं विमान, पण आतली हवा सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडी विरळ. बाटली जमिनीवर बंद केलेली, तिच्यातली कोंडलेली हवा वर गेल्यावर फुगते आणि नळीतून पाणी ढकलते. उपाय सोपा आहे. नळी उघडायच्या आधी वरचं झाकण अर्धा फेरा सैल करून हवा जाऊ द्यायची. छोटीला मात्र ते कारंजं इतकं आवडलं की "आजी, परत" सुरू झालं. तेरावा खेळ म्हणायचा.

आमच्या रांगेच्या पलीकडे एक वयस्क इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी बसताना मान हलवली, हसले, आणि पुढचे चार तास आमच्याकडे पाहिलं नाही. मला आधी ते तुसडेपणाचं वाटलं. घाटातल्या डब्यातली बाई आठवली. मग लक्षात आलं की ते मुद्दाम पाहत नाहीत, म्हणजे आम्हाला संकोच नको. त्यांच्याकडे मूल ज्याचं त्याचं असतं आणि न बघणं ही मदत असते. ही मदत माझ्या काही उपयोगाची नव्हती. चिक्कीवाला येणार नव्हता, बोगदा येणार नव्हता, खिडकीबाहेर पांढरं होतं. जे काही घडायचं ते त्या पिशवीतून घडायचं.

पहिली पुरचुंडी रंगाऱ्याच्या कागदी टेपची. भिंत रंगवताना कडेला लावतात ती, दीड इंची. सहज फाटते, डाग ठेवत नाही. बालवाडीतला नियम इथेही पाळला. तिला "हे घे, हे कर" म्हणायचं नाही. मी स्वतःच माझ्या टेबलावर टेपचे चार तुकडे लावून एकेक सोलत बसले. दोन मिनिटांत तिची बोटं आली. टोक थोडं दुमडून ठेवलं की तिला पकडता येतं, न दुमडता लावलं की चिडते. आधी सोलणं झालं. मग मी त्या टेपचा रस्ता केला, टेबलावरून हातावर, हातावरून खिडकीच्या चौकटीवर, आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा त्याच्यावरून गाडी म्हणून चालवला. मग सोललेले सगळे तुकडे एकमेकांत चुरगाळून चेंडू. तो डबीत मावणार नाही इतका मोठा होईपर्यंत माझ्याच हातात. एका वस्तूतून तीन खेळ निघाले, चाळीस मिनिटं गेली. पहिला खेळ मरायला लागल्यावर दुसरा काढायचा. मेल्यावर काढला तर मूल सीटवर उभं राहिलेलं असतं. चाळा मरतोय हे डोळ्यांवरून कळतं. हात चालू असतात, पण नजर रांगेच्या बाहेर जायला लागते.

टेप परत लुगड्यात बांधून खाली ठेवली, तिच्या नजरेआड. दोन वस्तू एका वेळी बाहेर राहिल्या की दोन्हींचं मोल जातं.

दुसरी पुठ्ठ्याची पाटी. घरी तिची तालीम पार फसली होती. ओल्या बोटाने काळ्या पाटीवर रेघ काढायची आणि ती वाळून नाहीशी झाली की पुन्हा काढायची, असा खेळ. जुलैत दहिवलीत धुतलेला रुमाल तीन दिवस वाळत नाही, तिथे पाटीवरची रेघ कशी वाळणार? नात कंटाळून उठून गेली होती आणि मी ही पुरचुंडी बाद करणार होते. लेक म्हणाली, असू दे आई, विमानात हवा कोरडी असते. खरंच. आतल्या हवेत ओलावा फार कमी असतो, ओठ सुकतात, आणि पाटीवरची रेघ बघता बघता विरते. बाटलीच्या झाकणात चमचाभर पाणी, तिचं बोट आणि पाटी. तिने फुल्या काढल्या, "गेली, गेली" म्हणत टाळी वाजवली, परत काढल्या. रंग नाही, डाग नाही, काही गडगडत नाही. पन्नास मिनिटं झाली. मी अख्खा प्रवास केला असता त्या पाटीवर. फक्त पुठ्ठा भिजून फुगू नये म्हणून पाणी चमचाभराच्या वर द्यायचं नाही.

जेवण आलं तेव्हा मीही आमचा डबा काढला. चुरमुरे, तुपावर परतून मीठ लावलेले. वाटीतून एकेक उचलून खायचा, मूठ भरायची नाही, असा खेळ. दोन बोटांनी उचलायचं काम या वयाला आवडतं आणि पोटही भरतं. हवाईसुंदरीने वाकून विचारलं हे काय, तर लेकीने मूठभर तिच्या हातावर ठेवले. ती केरळची होती. तिने मल्याळममध्ये नाव सांगितलं, आम्ही मराठीत, छोटीने दोन्ही उच्चारून पाहिली. तेवढीच विमानातली चिक्कीवाली.

तिसरी पुरचुंडी माझी लाडकी होती आणि तिनेच घात केला. ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची आणि माझ्या साड्यांच्या काठांची मी सहा पानांची कापडी वही शिवली होती. एका पानावर खणाचा खिसा, त्यात काठाचा मासा. एका पानावर नाडीची गाठ. एकावर पँटची चेन. आणि शेवटच्या पानावर घराचं दार, वेलक्रोने लागणारं. दार उघडलं की आत गोधडीच्या चिंध्यांचं मांजर. पहिली पाच पानं सुरेख झाली. तेवढ्यात दिवे मंद केले, सगळे झोपले, इंग्रज गृहस्थांनीही डोळ्यांवर पट्टी ओढली. आणि छोटीने दार उघडलं. चर्रर्र! मांजर सापडल्यावर दार परत लावून परत उघडायचं असतंच. चर्रर्र! मी वही ओढली, तर ती रडायला लागली, आणि वेलक्रोपेक्षा रडणं मोठं. दहिवलीत ही वही पास झाली होती, कारण त्या दुपारी पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पत्र्याखाली घेतलेल्या परीक्षेचा निकाल असाच लागायचा.

लेकीने तिला उचलून मागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे आणखी एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन डुलत उभा होता, तो बल्गेरियाचा की कुठला. दोघंही न बोलता डुलत राहिले. मी इकडे अंधारात बसून दातांनी वेलक्रोची शिवण उसवली. दार आता नुसतंच लोंबत होतं. ती परतल्यावर तिला काहीच फरक पडला नाही. मांजर दिसल्याशी कारण.

त्यानंतर ती झोपली, अडीच तास. मीही पाय वर घेऊन डोळे मिटले. पश्चिमेला जाताना दिवस संपतच नाही. खिडकीची झडप उघडली तर ऊन तसंच. तिच्या अंगातलं घड्याळ म्हणत होतं रात्र झाली, बाहेर दुपार.

उतरायला सुरुवात झाली तेव्हा ती झोपलेलीच होती. लेक म्हणाली, झोपू दे. मी उठवली, आणि त्या क्षणी मीच घरातली सगळ्यांत दुष्ट बाई होते. पण खाली येताना बाहेरचा हवेचा दाब वाढत जातो आणि कानाच्या आत तो पोचायला घशाकडची बारीक नळी उघडावी लागते. ती गिळताना उघडते. लहान मुलांची ही नळी अरुंद असते आणि झोपेत गिळणं कमी होतं. म्हणून चाकं टेकायच्या अर्धा तास आधीपासून घोट घोट पाणी. ती दहा मिनिटं रडली. रडतानाही गिळणं होतं, असं मी स्वतःला समजावलं. मग लेकीने आपली जुनी पर्स काढली. ही सातवी पुरचुंडी होती, पाच चेनी, आत संपलेली कार्डं, घडी घातलेले रुमाल. प्रत्येक चेनीमागे एक घोट. पाच चेनी दोनदा उघडून होईपर्यंत लंडन खाली आलं होतं, लाल कौलांच्या रांगा, हिरवे चौकोन. कार्टूनची गरज लागली नाही. लागली असती तर लावलं असतं, त्यात लाज कसली.

उतरताना इंग्रज गृहस्थ उभे राहिले, डोळ्यांवरची पट्टी कपाळावर तशीच, आणि म्हणाले की मांजर त्यांनाही बघायचंय. म्हणजे सगळं ऐकत होते तर. छोटीने वही उघडून दाखवली. त्यांनी मांजराला गंभीरपणे नमस्कार केला. न बघण्याची मदत संपली होती बहुधा, आता बघायला हरकत नव्हती.

पुढच्या रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ सालचं मंडळ, आत शिरल्यावर साबुदाण्याच्या खिचडीचा वास. तिथे माझ्यासारख्या चार-पाच आज्या होत्या, आणि नातवंडं कशी आणलीत याचीच चर्चा. एकीने पूर्ण प्रवास सिनेमा लावला होता, एकीने मांडीवर आपडी थापडी खेळत आणलं. मी पाटीचं सांगितलं. एक आजी म्हणाल्या, अहो, त्यात काय, आमच्या वेळी मुलं अशीच यायची. त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता, पन्नाशीचा. तो म्हणाला, "आई, मी पूर्ण प्रवासभर रडलो होतो, बाबा अजून सांगतात."

पहिले चार दिवस छोटी पहाटे साडेतीनला उठायची, कारण दहिवलीत तेव्हा आठ वाजलेले असायचे, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने झोपायला तयार नसायची. पिशवी तिथेच खुंटीला टांगली आहे. बारापैकी पाच पुरचुंड्या उघडल्याच नाहीत. त्या येत्या मे महिन्यात इकडे येताना उपयोगी पडतील, तोवर गाठी सोडायच्या नाहीत असं लेकीला बजावलंय. कापडी वही शिवणार असाल तर नाडी लावा, चेन लावा, हूक लावा, पण वेलक्रो लावू नका.